‘माझ्याविषयी’च्या ७० शब्दांत काय बसवायचं?

वाचकाचं पत्र

मी जुळे सोलापुरात राहते. आधी एका छापखान्यात डीटीपी करत होते, आता घरूनच ग्राफिक डिझाइनची कामं घेते. वेबसाइट तयार आहे, फक्त ‘माझ्याविषयी’ हा परिच्छेद जमत नाहीये. सध्या असं लिहिलंय: “मी एक क्रिएटिव्ह आणि पॅशनेट ग्राफिक डिझायनर आहे. लोगो, ब्रँडिंग, सोशल मीडिया, पॅकेजिंग, फ्लेक्स, लग्नपत्रिका अशा सर्व प्रकारच्या सेवा मी पुरवते. माझी शैली मिनिमल आणि मॉडर्न असून छोट्या-मोठ्या सर्व व्यवसायांना दर्जेदार काम वाजवी दरात व वेळेत करून देते.” मला चटणी-मसाल्यांच्या पॅकेजिंगची कामं जास्त हवी आहेत, पण फोन येतात ते फ्लेक्स आणि पत्रिकांचे. शैलीबद्दल नेमकं काय लिहू? आणि ‘अमुकच ग्राहक’ असं लिहिलं तर बाकीचे निघून जातील का?

— एक वाचक, सोलापूर

उत्तर

तुमच्या परिच्छेदात खोटं काही नाही. पण त्यावरचं तुमचं नाव झाकून गावातल्या दुसऱ्या कुठल्याही डिझायनरचं नाव टाकलं, तरी तो तसाच्या तसा लागू पडतो. नको ती चौकशी येण्याचं कारण तिथेच आहे. वाचणारा माणूस सहा कामांची यादी पाहतो आणि त्यातलं जे त्याच्या आधीपासून ओळखीचं आहे तेच उचलतो. फ्लेक्स म्हणजे काय आणि पत्रिका म्हणजे काय हे सोलापुरात सगळ्यांना ठाऊक आहे. ‘ब्रँडिंग’ घेतलं तर आपल्या हातात नेमकं काय पडणार, हे मात्र शेंगा चटणीचा व्यवसाय करणाऱ्या बाईंना ठाऊक नाही. ‘पॅकेजिंग’ म्हटल्यावर तर त्यांना पाऊच पुरवणारा व्यापारीच आठवेल.

म्हणून आधी लिहायला बसू नका. गेल्या वर्ष-दीड वर्षातली बिलं, आणि बिल केलं नसेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलेले दर, एका ठिकाणी काढा. एका वहीत चार रकाने आखा: शेवटी हातात काय दिलं, कोणाला दिलं, किती वेळा बदल झाले, आणि काम अडलं असेल तर कशावरून अडलं. पहिल्या रकान्यात ‘ब्रँडिंग’, ‘क्रिएटिव्ह’ असले शब्द लिहायचे नाहीत, वस्तूचं नाव लिहायचं. ‘मसाल्याच्या कंपनीचं ब्रँडिंग’ असं बिलावर असेल, तर प्रत्यक्षात दिलं काय ते पाहा. बहुतेक वेळा ते ‘एक लोगो, तीन लेबलं, एका बॉक्सची मांडणी’ एवढंच निघतं. हा रकाना भरला की तुमच्या सेवांची यादी आपोआप तयार होते, आणि ती ग्राहकाच्या भाषेत असते. त्याला पाऊच हवा असतो, लेबल हवं असतं, दिवाळीच्या पेटीचा बॉक्स हवा असतो. तेच शब्द परिच्छेदात घ्या. तीन वस्तू पुरेत. चौथी-पाचवी टाकली की यादी पुन्हा ‘सर्व प्रकारच्या सेवा’कडे सरकायला लागते, आणि पहिल्या तिन्हींचं वजन उतरतं.

शेवटचा रकाना, काम कशावरून अडलं हा, बहुतेक डिझायनर पाहतच नाहीत. पॅकेजिंगची कामं साधारण दोन ठिकाणी अडतात. एक म्हणजे मजकूर. वेष्टनबंद मालावर उत्पादकाचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, एमआरपी, ग्राहक तक्रारीसाठी संपर्क हे छापणं २०११च्या वेष्टनबंद वस्तूंच्या वजनमापे नियमांनुसार बंधनकारक आहे. खाद्यपदार्थ असेल तर त्यावर घटकपदार्थ, शाकाहाराचं हिरवं चिन्ह आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, म्हणजे एफएसएसएआयचा, १४ आकडी क्रमांकही लागतो. ग्राहकाकडे हा क्रमांकच नसेल तर लेबल पुरं होऊच शकत नाही. तुम्ही पुढची बाजू कितीही सुंदर केलीत तरी फाइल तुमच्याकडे पडून राहते आणि त्याबरोबर पैसेही. दुसरी अडचण छपाईची. ग्राहक समजतो की डिझाइन घेतलं म्हणजे छापून येणार. सोलापुरात हा समज जास्तच पक्का आहे, कारण फ्लेक्सवाला आणि छापखानेवाला डिझाइन छपाईतच धरतो, वेगळे पैसे लावत नाही. तुम्ही स्वतः छापखान्यात काम केलंय, तुम्हाला हे माहीत आहे. या दोन्ही अडचणी परिच्छेदातच अर्ध्या सुटू शकतात. कशा, ते पुढे सांगतो.

आता शैली. ‘मिनिमल’, ‘मॉडर्न’, ‘युनिक’ या शब्दांनी वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काहीच उभं राहत नाही. एखाद्याला मिनिमल म्हणजे पांढरा कागद आणि कोपऱ्यात बारीक अक्षर वाटतं, एखाद्याला तीनऐवजी दोन फोटो. शैली लिहायची तर नजरेला जे दिसतं ते लिहा. ते शोधायची रीत अशी. तुमची स्वतःला आवडलेली दहा कामं निवडा, एकाच पानावर काडेपेटीएवढ्या आकारात शेजारी शेजारी लावा, आणि पाच-सहा फूट लांबून पाहा. एवढ्या लहान आकारात बारीकसारीक तपशील पुसले जातात आणि सवय तेवढी उरते. मग प्रत्येक कामाला हेच प्रश्न विचारा: रंग किती? सगळ्यात जास्त जागा कशाने घेतली आहे, नावाने, चित्राने की मोकळ्या पार्श्वभूमीने? फोटो आहे की काढलेलं चित्र? मराठी अक्षर जाड, गोल, की बोरूच्या वळणाचं?

दहापैकी सहा किंवा जास्त कामांत जे पुन्हा पुन्हा दिसेल ती तुमची शैली. दोन-तीन कामांतच दिसेल ती त्या त्या ग्राहकाची मागणी होती, तिला परिच्छेदात जागा नाही. समजा तुमच्या दहापैकी सात कामांत दोन-तीन सपाट रंग आहेत, सहांत मराठी नाव सगळ्यात मोठं आहे, आणि आठांत फोटो नसून हाताने काढलेलं चित्र आहे. मग वाक्य जवळजवळ तयारच झालं: “दोन-तीन सपाट रंग, दुरून वाचता येईल असं ठळक मराठी नाव आणि फोटोऐवजी हाताने काढलेलं चित्र, असं माझं काम दिसतं.” हे वाचून ज्याला चकचकीत ग्रेडियंट आणि चटणीच्या वाटीचा मोठा फोटो हवा आहे त्याला लगेच कळतं की इथे ते मिळणार नाही. तो गेला तर तुमचं नुकसान नाही. तो आला असता तर सहा वेळा बदल सांगून गेला असता.

कशातच सहा आकडा येत नसेल तर शैली ओढूनताणून लिहू नका. त्याऐवजी तुम्ही कामाची सुरुवात कुठून करता ते एका वाक्यात सांगा. उदाहरणार्थ, “काम हातात घेण्याआधी तुमचा माल ज्या दुकानात राहणार आहे तिथली फळी मी पाहून येते.” हे खरं असेल तरच लिहायचं. पण खरं असेल तर कोणत्याही विशेषणापेक्षा ते ग्राहकाच्या जास्त उपयोगाचं आहे.

सपाट रंगांबद्दल एक गोष्ट तुमच्या स्वतःसाठी सांगतो, परिच्छेदात लिहायची नाही. रोटोग्राव्ह्युअरवर छापलेल्या पाऊचला प्रत्येक रंगासाठी वेगळा सिलिंडर कोरावा लागतो, त्यामुळे रंग वाढले की सुरुवातीचा खर्च वाढतो आणि थोड्या मालासाठी तो परवडत नाही. म्हणूनच नवा माणूस सहसा तयार साधा पाऊच घेतो आणि त्यावर स्टिकर लेबल लावतो. पाऊच तपकिरी क्राफ्ट कागदाचा असेल आणि त्यावर थेट छापायचं असेल, तर पांढरी शाई वेगळी लावल्याशिवाय पांढरा भाग पांढरा येत नाही, खालचा तपकिरी रंगच दिसतो, आणि फिके रंग मळकट होतात. कमी आणि गडद सपाट रंगांची तुमची सवय या दोन्ही ठिकाणी ग्राहकाचा खर्च वाचवते. फोनवर बोलताना हे सांगता आलं की शैलीचं वाक्य नुसतं आवडीनिवडीचं राहत नाही. परिच्छेदात मात्र सिलिंडर आणि शाई आणली तर चटणीवाल्या बाई तिसऱ्या शब्दाला पान बंद करतील.

शैलीच्या वाक्याची एक चूक वारंवार होते, तीही पाहून ठेवा. वाक्य म्हणतं दोन रंग, आणि त्याच्याच खाली पहिलं चित्र असतं वाढदिवसाच्या फ्लेक्सचं, अकरा चेहरे आणि सोनेरी अक्षरांचं. वाचणारा चित्रावर विश्वास ठेवतो. परिच्छेदाखालची पहिली तीन कामं त्या वाक्याला धरून असलीच पाहिजेत. तशी तीन नसतील तर सध्या एकच ठेवा.

ग्राहकांबद्दलची तुमची भीती खरी आहे, म्हणून याला थोडा वेळ देऊ. ‘छोट्या-मोठ्या सर्व व्यवसायांसाठी’ लिहिल्याने कोणी जात नाही, हे बरोबर. पण ‘हे माझ्यासाठीच आहे’ असंही त्यातून कोणाला वाटत नाही. हे वाक्य सुधारायला बसलं की लोक बहुधा असं काहीतरी लिहितात: “ज्यांना आपला ब्रँड पुढच्या टप्प्यावर न्यायचा आहे अशांसोबत काम करायला मला आवडतं.” यातही कोणी स्वतःला ओळखत नाही. पुढचा टप्पा म्हणजे कोणता? मसाला कांडणाऱ्या माणसाच्या मनात ‘ब्रँड’ नसतो. त्याच्या मनात असतं की नवी पेठेतल्या दुकानदाराने माल ठेवून घेतला खरा, पण पाकीट साधं आहे म्हणून तो मागच्या फळीवर सरकवला.

योग्य ग्राहक सांगताना तीन खुणा द्या: तो काय बनवतो, तो आत्ता कुठे पोचला आहे, आणि कामाला लागण्यापूर्वी त्याच्या हातात काय असायला हवं. पहिली खूण सोपी आहे. सोलापूर आणि आसपास शेंगा चटणी, कडक भाकरी, मसाले, पापड बनवणारी घरं आणि बचतगट पुष्कळ आहेत. यातल्या तीन-चार पदार्थांची नावं घ्या. ‘खाद्यपदार्थ उद्योग’ असं गुळगुळीत लिहिलंत तर ते मोठ्या कारखान्यालाही लागू पडतं. पदार्थाचं नाव वाचलं की माणूस थांबतो. पापडवाला ‘शेंगा चटणी’ वाचून जात नाही, उलट त्याला कळतं की हे आपल्याच गल्लीतलं काम आहे.

दुसरी खूण सगळ्यात कामाची. तुमच्या वहीतल्या चांगल्या कामांकडे पाहा: ती माणसं तुमच्याकडे कोणत्या वेळी आली होती? बहुधा ओळखीपाळखीत आणि घरून विकणं चालू होतं, माल लोकांना आवडत होता, आणि आता दुकानात ठेवायचा होता. त्या वेळी पाकिटाची गरज खरी असते आणि पैसे द्यायची तयारीही असते. अजून चवच ठरवत असलेल्याला तुमचं काम महाग वाटेल. ज्याचा माल आधीच चार जिल्ह्यांत जातो त्याच्याकडे दुसरा डिझायनर असेल. तेव्हा “आजवर घरून किंवा ओळखीत विकलेला माल आता दुकानांत ठेवायचा आहे” एवढं लिहिलं की वेळ नेमकी सांगितली जाते.

तिसरी खूण म्हणजे तो एफएसएसएआय क्रमांक. “क्रमांक हातात आहे” हे तीन शब्द तुमची मजकुराची अडचण दारातच हलकी करतात. ज्याच्याकडे तो नाही तो एक तर आधी काढून येईल, नाहीतर फोनवर विचारेल की ‘नसला तर चालतो का’. दोन्ही बरंच. इथे एक मर्यादा पाळा. “एफएसएसएआयमान्य लेबल करून मिळेल” असं चुकूनही लिहू नका. एफएसएसएआय उद्योगाला नोंदणी किंवा परवाना देतं, डिझायनरच्या मांडणीवर मान्यतेचा शिक्का मारत नाही. लेबलवरचा मजकूर बरोबर असण्याची जबाबदारी माल बनवणाऱ्याची राहते. तुमचं काम तो मजकूर नियमातल्या किमान आकारापेक्षा बारीक न होता, वाचता येईल असा बसवणं.

टॉवेल आणि चादरीवाल्यांचं काय, हा प्रश्न तुमच्या मनात येईलच, सोलापुरात तो यायलाच हवा. माझं मत असं की त्यांना या परिच्छेदात घेऊ नका. त्यांना लागणाऱ्या वस्तूच वेगळ्या: टॉवेलभोवतीची कागदी पट्टी, टांगायचा टॅग, खरेदीदाराला पाठवायचा इंग्रजी कॅटलॉग. निर्यातीच्या मालाला तर पुष्कळदा परदेशी खरेदीदारच स्वतःचं लेबल देतो. चटणी आणि टॉवेल एकाच वाक्यात आले की दोघांनाही शंका येते. कापडाची कामं पुढे वाढली तर त्यांच्यासाठी वेगळं पान आणि वेगळा परिच्छेद करा.

हे सगळं जोडून तुमचा परिच्छेद साधारण असा होईल. यातले तपशील तुमच्या वहीशी ताडून बदला.

> शेंगा चटणी, मसाले, पापड, कडक भाकरी बनवणाऱ्या सोलापूर जिल्ह्यातल्या छोट्या उद्योगांसाठी मी पाऊच, लेबल आणि बॉक्स डिझाइन करते. दोन-तीन सपाट रंग, दुरून वाचता येईल असं ठळक मराठी नाव आणि फोटोऐवजी हाताने काढलेलं चित्र, असं माझं काम दिसतं.
>
> आजवर घरून किंवा ओळखीत विकलेला माल आता दुकानांत ठेवायचा आहे आणि एफएसएसएआय क्रमांक हातात आहे, अशांना माझा जास्त उपयोग होतो. छपाई मी करत नाही. छापखान्याला चालेल अशी फाइल देते आणि पहिलं प्रूफ तुमच्याबरोबर तपासते.

७०च्या आसपास शब्द, पाच वाक्यं. मराठीत एवढे पुरतात, कारण ‘उद्योगांसाठी’, ‘दुकानांत’ यांसारख्या एकेका शब्दात दोन-दोन शब्दांचं काम होतं. शंभराच्या वर गेलात तर तिसऱ्या वाक्याला लोक पान वर सरकवायला लागतात.

पहिल्या वाक्यात ‘मी’ आधी आलेला नाही, ग्राहकाचा माल आधी आला आहे, हे लक्षात घ्या. वाचणारा पहिल्या चार शब्दांत स्वतःला शोधतो. गावाचं नावही पहिल्याच वाक्यात आहे. प्रत्यक्ष भेटून, पाकीट हातात धरून बोलता येईल, हा या ग्राहकांसाठी मोठा दिलासा असतो.

छपाईचं वाक्य काहींना नकारात्मक वाटेल आणि ते काढून टाकायचा मोह होईल. काढू नका. ‘छपाई करत नाही’ एवढंच लिहिलं असतं तर ते खरंच कोरडं झालं असतं, पण त्याला लागूनच तुम्ही काय देता ते आलं आहे. इथे आपल्या बाजूचं काम पक्कं ठेवा. छापखान्याला चालेल अशी फाइल म्हणजे सीएमवायके रंगातली पीडीएफ, चारही बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड, अक्षरं आउटलाइन केलेली, आणि पाऊच किंवा बॉक्स असेल तर पुरवठादाराकडून आलेल्या कटिंगच्या आराखड्यावरच बसवलेली. अक्षरं आउटलाइन करायची राहिली आणि छापखान्याच्या संगणकात तो फॉन्ट नसला, तर जोडाक्षरं फुटतात किंवा वेलांटी भलत्याच अक्षरावर जाते, आणि ते छापून झाल्यावर कळतं. पहिलं प्रूफ एकत्र तपासायचं म्हणजे हेच पाहायचं: मराठी जोडाक्षरं, वजनाचा आकडा, एमआरपीची जागा, १४ आकडे एकेक करून. या कामाचे पैसे दरात धरा, कारण परिच्छेदात तुम्ही त्याचा शब्द दिला आहे.

जे गाळलं तेही सांगतो. ‘वाजवी दर’ गेला, कारण तो वाचून प्रत्येक जण छापखान्यातल्या फुकट डिझाइनशी तुलना करतो आणि घासाघीस पहिल्या फोनपासून सुरू होते. ‘वेळेत’ गेलं, कारण मजकूर कधी येईल ते तुमच्या हातात नाही. वेळ सांगायचीच असेल तर ती सेवांच्या पानावर, ‘पूर्ण मजकूर मिळाल्यापासून अमुक दिवसांत पहिला आराखडा’ अशी सांगा. ‘क्रिएटिव्ह’ आणि ‘पॅशनेट’ हे खालची कामं पाहून लोकांनी ठरवायचं. शिक्षण, वर्षं, सॉफ्टवेअरची नावं यांतलं काहीच इथे लागत नाही. डीटीपीचा अनुभव मात्र खरोखर उपयोगाचा आहे, कारण छापखान्यात काय बिघडतं हे तुम्हाला ठाऊक आहे. शेवटचं वाक्य “छापखान्यात काम केलं असल्याने...” असं सुरू केलंत तरी चालेल, आणि मला ते आवडेल.

‘आम्ही’ही लिहू नका. एकटी माणूस असताना ‘आम्ही’ लिहिलं की ग्राहकाला दुकान, पाटी, मदतनीस असं सगळं वाटतं, आणि घरी आल्यावर दर कमी करायला त्याला कारण मिळतं.

आता पडताळा. परिच्छेद अशा दोन माणसांना वाचायला द्या ज्यांना तुमचं काम माहीत नाही. त्यातलं एक तरी खरोखर काही बनवून विकणारं हवं. डिझायनर मैत्रिणीला देऊ नका, ती शब्द सुधारत बसेल. एकदा वाचून झाल्यावर फोन काढून घ्या आणि विचारा: मी काय करून देते? कोणाला? छापून कोण देणार? तिन्हींची उत्तरं वाक्यांच्या क्रमाने आहेत, त्यामुळे जे उत्तर चुकलं ते वाक्य दुरुस्त करायचं. ‘छान लिहिलंय’ हे उत्तर मोजायचं नाही.

टाइप करतानाची एक अडचण खास तुमच्या पार्श्वभूमीची आहे. डीटीपीची सवय असल्याने तुम्ही जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप करून वेबसाइटवर चिकटवलं, तर वाचणाऱ्याच्या फोनवर मराठीऐवजी रोमन अक्षरं आणि चिन्हांची गिचमिड दिसेल. तुमच्या संगणकावर मात्र तो फॉन्ट असल्याने काही बिघडल्याचं कळणारही नाही. परिच्छेद युनिकोडमध्येच टाइप करा आणि दुसऱ्याच्या फोनवर उघडून पाहा. सुंदर अक्षरात परिच्छेदाचं चित्र करून लावण्याचा मोह डिझायनरला हमखास होतो, तोही टाळा. चित्रातला मजकूर शोधात नीट सापडत नाही, फोनवर बारीक होतो आणि निवडून कोणाला पाठवता येत नाही. फोनवर अक्षराचा आकार १७-१८ पिक्सेल आणि ओळींमधली जागा अक्षराच्या १.६ पट ठेवली तर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकींना लागत नाहीत. अशा मांडणीत हा परिच्छेद पंधरा-सोळा ओळींत, म्हणजे साधारण एका पडद्यात बसतो. तुमचा फोटो त्याच्या खाली घ्या.

पानाची भाषा आणि शोधात दिसणारं वर्णनही याच परिच्छेदातून भरा. पहिलं वाक्य थोडं आखडलं की झालं:

```html
<html lang="mr">
<meta name="description" content="सोलापूर जिल्ह्यातल्या शेंगा चटणी, मसाले, पापड उद्योगांसाठी पाऊच, लेबल आणि बॉक्स डिझाइन.">
```

`lang` पानाच्या पहिल्या टॅगमध्ये आणि `description` हे `head` मध्ये जातं. तयार साच्यावर वेबसाइट केली असेल तर दोन्हींसाठी सेटिंगमध्ये रकाने असतात. गूगल कधी कधी हे वर्णन सोडून पानावरचंच एखादं वाक्य उचलतं. त्यासाठीही पहिलं वाक्य एकटं वाचलं तरी पूर्ण अर्थाचं हवं, आणि ते तसं आहे.

राहिला प्रश्न फ्लेक्स आणि पत्रिकांचा. त्यांच्यातून महिन्याचा खर्च निघत असेल तर ती कामं सोडायची गरज नाही. ती परिच्छेदात नसली म्हणून ओळखीचे लोक फोन करायचे थांबत नाहीत, ते मुळात वेबसाइट वाचून येतच नाहीत. सेवांच्या पानाच्या शेवटी ‘लग्नपत्रिका’ एवढी एक ओळ ठेवा, नमुने ठेवू नका. फ्लेक्सची तेवढीही ठेवू नका, कारण त्यात तुमची स्पर्धा फुकट डिझाइनशी आहे.

परिच्छेद लावल्यानंतर येणाऱ्या प्रत्येक नव्या चौकशीतला पहिला प्रश्न जशाच्या तशा शब्दांत त्याच वहीत उतरवून ठेवा. ‘हजार पाकिटं छापून कितीला पडतील’ हाच प्रश्न वारंवार आला तर छपाईचं वाक्य नजरेतून सुटतंय, ते दुसऱ्या परिच्छेदाच्या सुरुवातीला घ्या. ‘चटणीच्या लेबलसारखंच लोणच्याचं कराल का’ असं विचारलं जाऊ लागलं तर पदार्थांची यादी बरोबर आहे, पुढच्या वेळी पापडाच्या जागी लोणचं टाकून पाहा. आणि ‘तुमच्याकडे डिझाइन तयार असतं का, फक्त नाव बदलून द्या’ असे फोन येत राहिले, तर शैलीच्या वाक्यात ‘प्रत्येक मालासाठी नव्याने काढलेलं चित्र’ असे शब्द घाला.